लघवीच्या रिपोर्टमधले क्रिस्टल्स, पीएच आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी: मुतखड्याची शक्यता कशी ओळखायची

लघवीच्या रुटीन रिपोर्टमध्ये खाली कुठेतरी 'क्रिस्टल्स: कॅल्शियम ऑक्झलेट ++' असं छापलेलं असतं आणि माणसाचा धीर सुटतो. दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टमध्ये 'क्रिस्टल्स: निल' असतं आणि तो निश्चिंत होतो, जरी त्याच्या मूत्रपिंडात आठ मिलिमीटरचा खडा बसलेला असला तरी. सूक्ष्मदर्शकाखाली लघवीचा गाळ बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. या दोन्ही चुका मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता सविस्तर लिहावंसं वाटलं.

क्रिस्टल दिसला याचा अर्थ एवढाच, की स्लाइड बघितली त्या क्षणी त्या लघवीत एखादा क्षार तिच्या विरघळवण्याच्या क्षमतेपेक्षा जास्त होता. तो मूत्रपिंडात असतानाच जास्त होता की बाटलीत थंड झाल्यावर झाला, हे क्रिस्टल स्वतः सांगत नाही. ते सांगायला त्याच रिपोर्टमधले दोन आकडे मदत करतात: स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवी किती दाट आहे, आणि पीएच, म्हणजे ती किती आम्ल आहे. हे तिन्ही एकत्र वाचायचे, आणि ज्या क्रमाने मी वाचते त्याच क्रमाने पुढे सांगते.

आधी नमुना कसा होता ते विचारा

हे बहुतेक जण सोडून देतात, आणि निम्मे गोंधळ इथेच होतात.

शरीरातून बाहेर पडते तेव्हा लघवी सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ती खोलीत थंड झाली की बरेच क्षार साखरेच्या पाकासारखे खाली बसू लागतात. फ्रीजमध्ये ठेवली तर हे आणखी जोरात होतं. आम्ल लघवी फ्रीजमधून काढली की बाटलीच्या तळाशी विटकरी-गुलाबी थर दिसतो. तो असतो अमॉर्फस युरेट, म्हणजे आकार नसलेली बारीक पूड. बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात धरली की तो थर डोळ्यांदेखत नाहीसा होतो. रिपोर्टमध्ये 'अमॉर्फस युरेट्स' किंवा 'अमॉर्फस फॉस्फेट्स' लिहिलेलं असेल आणि बाकी काही नसेल, तर त्यावरून खड्याबद्दल काहीही ठरवू नका.

उलट, लघवी खोलीच्या तापमानाला चार-पाच तास तशीच पडून राहिली तर जंतू वाढतात. त्यांतले काही युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतात आणि पीएच चढत जातो. सकाळी ६ असलेला पीएच दुपारी ८ दिसू शकतो, आणि त्यासोबत फॉस्फेटचे क्रिस्टल आयतेच तयार होतात. पीएच ९ लिहिलेला रिपोर्ट आला की मी आधी नमुना शिळा आहे असं समजते, रुग्णाचा विचार नंतर.

म्हणून क्रिस्टल बघण्यासाठीच तपासणी करायची असेल तर सकाळची पहिली किंवा दुसरी लघवी घ्यावी, उपाशीपोटी. ती फ्रीजमध्ये ठेवू नये आणि दोन तासांच्या आत बघितली जावी. शक्य असेल तर लघवी प्रयोगशाळेतच द्यावी. प्रयोगशाळेत साधारण १० ते १२ मिलिलिटर लघवी पाच मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, वरचं पाणी ओततात, उरलेल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये गाळ हलवून एक थेंब स्लाइडवर घेतात. लघवी कमीजास्त घेतली की क्रिस्टलची संख्याही बदलते. त्यामुळे दोन वेगळ्या ठिकाणच्या '+' आणि '++' ची तुलना करून 'खडे वाढले' म्हणण्यात अर्थ नाही.

मग स्पेसिफिक ग्रॅव्हिटी

पाण्याची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०००. लघवीची १.००३ ते १.०३० यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. एक ढोबळ हिशोब मला फार उपयोगी वाटतो: शेवटच्या दोन आकड्यांना ३५ ने गुणलं की लघवीत विरघळलेल्या कणांची घनता कळते. १.०१० म्हणजे ३५०, जवळपास रक्ताइतकीच. १.०३० म्हणजे १,०५०, त्याच्या तिप्पट. म्हणजे तेच क्षार, तेवढेच ग्रॅम, पण तिसऱ्या हिश्श्याएवढ्या पाण्यात कोंबलेले.

आता रिपोर्टकडे बघा. १.०३० ला चार-दोन कॅल्शियम ऑक्झलेट दिसले तर त्यात नवल काहीच नाही. रात्रभर पाणी न प्यायलेल्या निरोगी माणसाच्या सकाळच्या लघवीतही ते दिसतात. याउलट १.०१० ला, म्हणजे इतक्या पातळ लघवीतही, ताज्या नमुन्यात ढीगभर क्रिस्टल दिसले तर मी थांबते. इतकं पाणी असूनही क्षार मावत नाही म्हणजे तो मुळातच जास्त बाहेर पडतोय, किंवा त्याला धरून ठेवणारं काहीतरी, बहुधा सायट्रेट, कमी पडतंय. दाट लघवीतले क्रिस्टल पाण्याची कमतरता दाखवतात, पातळ लघवीतले रासायनिक बिघाडाकडे बोट दाखवतात.

या आकड्यालाही मर्यादा आहेत. बहुतेक ठिकाणी तो स्ट्रिपवर मोजला जातो. स्ट्रिप लघवीतले आयन मोजते आणि ०.००५ च्या टप्प्यांनी रंग दाखवते, म्हणजे १.०१५ आणि १.०२० यांच्यामधलं तिला दिसत नाही. लघवीचा पीएच ६.५ च्या वर असेल तर स्ट्रिप स्पेसिफिक ग्रॅव्हिटी कमी दाखवते. तिथे हाताने वाचताना ०.००५ मिळवण्याची पद्धत आहे. मशीन बहुधा हे आपोआप करतं. रिफ्रॅक्टोमीटरवर मोजलं तर वेगळीच अडचण: लघवीत साखर किंवा प्रथिनं जात असतील तर आकडा फुगतो. मधुमेह असलेल्या माणसाच्या १.०३५ मध्ये क्षार किती आणि साखर किती, हे साखरेची ओळ वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

एकच सकाळचा आकडा दिवसभराची कहाणी सांगत नाही, हेही लक्षात ठेवा. सकाळी १.०२५ असणं नैसर्गिक आहे. संध्याकाळीही तो १.०२५ असेल आणि चार-पाच दिवस तसाच राहत असेल, तर मात्र माणूस कायमच दाट लघवी करतोय. ज्यांना एकदा खडा झाला आहे त्यांना दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात. म्हणजे प्यायचं त्याहून जास्त, कारण घाम आणि श्वासातून जाणारं वेगळं. युरोपियन युरॉलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचनांत स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१० च्या खाली ठेवा असं म्हटलं आहे. यामागे चांगला पुरावा आहे. इटलीतल्या बोर्गी आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुद्दाम जास्त पाणी पिणाऱ्या गटात १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना.

पीएच: सगळ्यात कमी वाचला जाणारा, सगळ्यात जास्त सांगणारा आकडा

पीएच ७ म्हणजे तटस्थ, त्याखाली आम्ल, वर अल्कधर्मी. लघवीचा पीएच साधारण ४.५ ते ८ यांमध्ये फिरतो आणि सकाळी बहुतेकांचा ५ ते ६ असतो. जेवणानंतर काही तास तो थोडा चढतो, कारण जठर आम्ल सोडतं तेव्हा रक्तात त्याच प्रमाणात अल्क येतो आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. ही चढ-उतार असणं चांगलं लक्षण आहे.

प्रत्येक क्षाराचा पीएचशी वेगळा संबंध असतो. कॅल्शियम ऑक्झलेटला पीएचचं फारसं सोयरसुतक नाही. तो आम्ल लघवीतही दिसतो आणि तटस्थ लघवीतही. कॅल्शियम फॉस्फेटला ६.५ च्या आसपास आणि वरचा पीएच मानवतो. ट्रिपल फॉस्फेटला, म्हणजे स्ट्रुव्हाइटला, ७ च्या वरचा. आणि युरिक ॲसिड तर जवळजवळ पूर्णपणे पीएचवर अवलंबून आहे. या लेखात मी युरिक ॲसिडवरच सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे रुटीन रिपोर्टवरून खरोखर काहीतरी करता येतं.

युरिक ॲसिड दोन रूपांत असतं. न फुटलेलं, म्हणजे आम्ल रूप, आणि एक हायड्रोजन सोडलेलं युरेट. आम्ल रूप लघवीत फार थोडं विरघळतं, लिटरला जेमतेम ९६ मिलिग्रॅम. युरेट त्या मानाने सहज विरघळतं. पीएच ५.३५ च्या आसपास दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात. पीएच त्याखाली गेला की आम्ल रूप वाढतं, वर गेला की घटतं. हिशोब केला तर एका लिटर लघवीत पीएच ५ ला एकूण सुमारे १४० मिलिग्रॅम युरिक ॲसिड मावतं. पीएच ६ ला सुमारे ५२५. पीएच ६.५ ला जवळपास १,४५०.

म्हणजे पाणी दुप्पट केलं तर युरिक ॲसिडची घनता निम्मी होते. पीएच ५ वरून ६ वर नेला तर लघवीची क्षमता पावणेचार पट होते. खालच्या उदाहरणाला हाच फरक कारणी लागला.

स्ट्रिपवर पीएच बघताना दोन गोष्टी पाळा. स्ट्रिप लघवीत क्षणभरच बुडवायची, काठावर टेकवून जादा थेंब काढायचा आणि आडवी धरून बाटलीवर लिहिलेल्या वेळेला रंग मिळवायचा, साधारण मिनिटभराने. स्ट्रिप उभी धरली की शेजारच्या प्रथिनांच्या चौकोनातलं आम्ल वाहून पीएचच्या चौकोनावर येतं आणि पीएच खोटा कमी दिसतो. दुसरं, घरी वारंवार मोजायचा असेल तर अर्ध्या टप्प्यांचे रंग असलेली पीएचची पट्टी घ्या. एकेका टप्प्याची पट्टी या कामाला फार जाडीभरडी पडते.

आता क्रिस्टलचा आकार

सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत जास्त वेळा दिसतो तो कॅल्शियम ऑक्झलेटचा डायहायड्रेट. लहान, रंगहीन, चौकोनी आणि मध्ये फुली, अगदी पाकिटाच्या मागच्या बाजूसारखा. याचाच भाऊ मोनोहायड्रेट. तो अंडाकृती असतो किंवा मध्ये चिमटलेल्या डंबेलसारखा. रिपोर्टमध्ये दोन्ही सरसकट 'कॅल्शियम ऑक्झलेट' म्हणून येतात, याची मला खंत वाटते, कारण दोघांचा अर्थ एक नाही. पाकिटासारखे क्रिस्टल सहसा लघवीतलं कॅल्शियम जास्त असल्याचं सुचवतात. डंबेलसारखे वारंवार आणि भरपूर दिसले तर ऑक्झलेट जास्त असल्याचा संशय येतो. तुमच्या डॉक्टरांना हा फरक हवा असेल तर प्रयोगशाळेला फोन करून विचारता येतो. बघणाऱ्या माणसाने तो पाहिलेला असतो, फक्त लिहिलेला नसतो.

युरिक ॲसिडचे क्रिस्टल पिवळसर ते तपकिरी असतात. पतंगासारखे चौकोनी, कधी पिंपाच्या आकाराचे, कधी एकावर एक रचून फुलासारखे झालेले. लघवीतला रंग ते स्वतःत ओढून घेतात. बाकी जवळपास सगळेच क्रिस्टल रंगहीन असताना हे पिवळे उठून दिसतात. ध्रुवित प्रकाशात बघितले तर ते रंगीबेरंगी चमकतात.

ट्रिपल फॉस्फेट उतरत्या कडांच्या झाकणासारखे, लांबट आणि मोठे. कॅल्शियम फॉस्फेट बारीक काड्यांच्या जुड्या किंवा चांदण्यांसारखे.

आणि एक सहाकोनी, पातळ, पारदर्शक पापुद्र्यासारखा. तो सिस्टिन. त्याच्याबाबतीत वर सांगितलेले हिशोब लागू होत नाहीत. निरोगी लघवीत तो दिसत नाही. एकच खराखुरा सहाकोन दिसला तरी सिस्टिन्युरिया या आनुवंशिक विकाराची तपासणी करावी लागते. तरुण वयात खडे झालेल्यांच्या लघवीत मी तो मुद्दाम शोधते. युरिक ॲसिडही कधीकधी सहाकोनी दिसतं, म्हणून रंग आणि पीएच बघूनच नाव द्यायचं.

औषधांचेही क्रिस्टल होतात. सल्फाडायझिन, ॲसायक्लोव्हिर, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही त्यांतली ठळक नावं. त्यामुळे नमुना देताना चालू औषधांची यादी द्या. अनोळखी सुया दिसल्या की आम्ही ती यादीच आधी शोधतो.

एक रिपोर्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत

साधारण पंचेचाळिशीतले एक गृहस्थ. सहा वर्षांपासून मधुमेह, वजन थोडं जास्त. पाठीत डाव्या बाजूला मंद दुखत होतं. पहिला रिपोर्ट असा होता: स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०३०, पीएच ५.०, अमॉर्फस युरेट्स +++, युरिक ॲसिड +, कॅल्शियम ऑक्झलेट थोडे, तांबड्या पेशी ४ ते ६. नमुना सकाळी सातला घेतलेला, फ्रीजमध्ये ठेवलेला, बाराला बघितलेला.

त्यांनी मला विचारलं, "ताई, यात ऑक्झलेट आहे, म्हणजे आता दूध बंद करायचं ना?" मी म्हटलं, "काहीही बंद करू नका काका, आधी ताजा नमुना द्या."

कारण सरळ होतं. +++ युरेट्स फ्रीजची देणगी असू शकत होते. पण युरिक ॲसिड आणि तांबड्या पेशी सोडून देण्यासारख्या नव्हत्या. शिवाय पीएच ५.०. फ्रीजमध्ये ठेवल्याने पीएच असा खाली येत नाही, त्यामुळे तो आकडा मला खरा वाटला. आणि दूध बंद करण्याबद्दल: अन्नातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला बांधून ठेवतं. ते तोडलं तर मोकळं ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत जास्त जातं. कॅल्शियमचे खडे असणाऱ्यांनाही नेहमीचं कॅल्शियम बंद करायला सांगत नाहीत.

दुसरा नमुना त्यांनी तिथेच दिला आणि अर्ध्या तासात मी बघितला. अमॉर्फस युरेट्स जवळजवळ नाहीसे झाले होते. युरिक ॲसिडचे पिवळे पतंग मात्र प्रत्येक क्षेत्रात होतेच. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५, पीएच पुन्हा ५.०. म्हणजे हे बाटलीत तयार झालेले नव्हते.

मग त्यांना पीएचची पट्टी देऊन पाच दिवस रोज तीन वेळा नोंद करायला सांगितली: उठल्यावर, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, झोपण्यापूर्वी. पंधरापैकी बारा नोंदी ५.० होत्या, तीन ५.५. जेवणानंतरची चढण कुठेच नव्हती. पीएच दिवसभर सपाट आणि खाली राहणं ही युरिक ॲसिडच्या खड्यांची ओळखीची खूण आहे, आणि मधुमेह व जास्त वजन असलेल्यांत ती वारंवार सापडते. इन्सुलिनचा परिणाम कमी पडू लागला की मूत्रपिंड पुरेसा अमोनिया तयार करत नाही. अमोनिया हायड्रोजन शोषून घेणारा बोळा आहे. तो कमी पडला की हायड्रोजन मोकळा राहतो आणि पीएच उतरतो. रक्तातलं युरिक ॲसिड यात नॉर्मल असू शकतं. या गृहस्थांचं नॉर्मलच होतं, म्हणून आधी कुणाला शंका आली नव्हती.

सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडात सात मिलिमीटरचा खडा दिसला. साध्या एक्स-रेमध्ये तो दिसला नाही. युरिक ॲसिडचा शुद्ध खडा एक्स-रेमध्ये दिसत नाही, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमध्ये दिसतो. पीएच, क्रिस्टल आणि न दिसणारा खडा, तिन्ही एकाच दिशेला होते.

डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी तपासली. एकूण लघवी १.१ लिटर, युरिक ॲसिड ६१० मिलिग्रॅम, पीएच ५.२. आता हिशोब करू. ६१० ला १.१ ने भागलं की लिटरला ५५५ मिलिग्रॅम. पीएच ५.२ ला एका लिटरमध्ये मावतं १६४ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे क्षमतेच्या सव्वातीन पटीहून जास्त. लघवी काही काळ क्षमतेपेक्षा जास्त क्षार अधांतरी धरून ठेवू शकते, पण इतकं कायम नाही. आणि ६१० मिलिग्रॅम हे प्रमाण स्वतःहून जास्त नव्हतंच, बहुतेक प्रयोगशाळांच्या मर्यादेच्या आत होतं. दोष युरिक ॲसिडच्या प्रमाणात नव्हता, ते ज्या लघवीत होतं तिच्यात होता.

फक्त पाणी वाढवून काय झालं असतं? समजा त्यांनी लघवी २.४ लिटरपर्यंत नेली. मग लिटरला २५४ मिलिग्रॅम. पीएच ५.२ ला अजूनही मर्यादेच्या बाहेरच. हाच पीएच ६.२ झाला की क्षमता सुमारे ७७५ मिलिग्रॅम. तेव्हा तर १.१ लिटरमध्येही ते मावलं असतं. डॉक्टरांनी दोन्ही केलं: पाणी वाढवलं आणि पीएच चढवण्यासाठी पोटॅशियम सायट्रेट सुरू केलं. खाण्यातली प्राणिज प्रथिनं थोडी कमी करायला सांगितली, कारण त्यातून आम्लही येतं आणि युरिक ॲसिडही.

पोटॅशियम सायट्रेट स्वतःच्या मनाने घेऊ नका. मूत्रपिंड कमकुवत असेल किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. त्यांचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम आधी तपासलं होतं आणि नंतरही. खाण्याचा सोडा घेऊनही पीएच चढतो, पण त्यातलं सोडियम लघवीतलं कॅल्शियम वाढवतं. त्यामुळे तो आपणहून लावून घ्यायचा उपाय नव्हे.

आकडे कधी खरोखर खड्याकडे बोट दाखवतात

वरच्या उदाहरणातून एक जोडी स्पष्ट झाली: ताज्या नमुन्यात युरिक ॲसिड, पीएच सतत ५.५ किंवा त्याखाली, आणि दिवसभर चढण नाही. दीर्घकाळ जुलाब असणाऱ्यांतही हीच जोडी दिसते, कारण त्यांच्या विष्ठेतून बायकार्बोनेट जातं आणि लघवीही कमी होते.

दुसरी जोडी जास्त घाईची आहे. ताजा नमुना, पीएच ७ च्या वर, ट्रिपल फॉस्फेटचे क्रिस्टल, आणि सोबत भरपूर पसपेशी. युरिया फोडणाऱ्या जंतूंचा, बहुधा प्रोटिअसचा, संसर्ग असतो. यात खडा वेगाने वाढून मूत्रपिंडाच्या पोकळीत फांद्यांसारखा पसरू शकतो. लगेच कल्चर आणि सोनोग्राफी करून घ्यावी. हेच क्रिस्टल शिळ्या नमुन्यात आणि पसपेशींशिवाय दिसले तर काहीच सिद्ध होत नाही. ताजा नमुना द्या आणि पुन्हा बघा.

तिसरी जोडी हळूहळू लक्षात येते: कॅल्शियम फॉस्फेटचे क्रिस्टल आणि पीएच कधीच ६ च्या खाली न येणं, अगदी उपाशीपोटीही. इथे मूत्रपिंडाची आम्ल बाहेर टाकण्याची क्षमता कमी असू शकते. रक्तातलं बायकार्बोनेट आणि पोटॅशियम तपासायला हवं.

कॅल्शियम ऑक्झलेटचं गणित याहून अवघड आहे, कारण पीएच इथे मदत करत नाही. एकदा दिसले, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५, खडा कधी झाला नाही, घरात कुणाला नाही: पाणी वाढवा, आठवड्याने पुन्हा तपासा, बस. पण खडा एकदा होऊन गेलाय आणि वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या सकाळच्या ताज्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा दिसतात, तर खडा परत होण्याची शक्यता वाढलेली समजावी आणि चोवीस तासांच्या लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट आणि सोडियम मोजावं. पाणी वाढवून स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१० वर आली तरी क्रिस्टल हटत नसतील तर ही तपासणी टाळू नये. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण शरीरात त्यातून ऑक्झलेट तयार होतं.

'निल' रिपोर्टचं काय, हा प्रश्न राहतो. खडा शांत बसलेला असताना लघवीत क्रिस्टल नसणं अगदी नेहमीचं आहे. दुखत असेल किंवा लघवीत तांबड्या पेशी असतील तर क्रिस्टलची ओळ बाजूला ठेवून सोनोग्राफी करा. आणि पाठीत कळ असताना थंडी वाजून ताप आला, लघवी होणं बंद झालं, किंवा एकच मूत्रपिंड असेल, तर हे कुठलेच आकडे वाचत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

पुढे काय झालं

त्या गृहस्थांची पीएचची नोंद दहा-बारा दिवसांत ६.० ते ६.५ वर आली. सहा आठवड्यांनी ते उत्साहाने आले. पट्टीवर आता ७.० आणि ७.५ दिसत होतं, आणि त्यांना वाटत होतं की जितका जास्त तितकं चांगलं. एक डोस ते स्वतःहून जास्त घेत होते. स्लाइडवर पिवळे पतंग एकही नव्हते, पण त्यांच्या जागी कॅल्शियम फॉस्फेटच्या चांदण्या आल्या होत्या. एक खडा विरघळवताना दुसऱ्याची माती तयार होत होती. डॉक्टरांनी डोस पुन्हा ठरल्याइतका केला आणि दोन आठवड्यांनी पीएच ६.५ वर स्थिरावला. तेव्हाच्या गाळात मला एका कॅल्शियम ऑक्झलेटच्या पाकिटाशिवाय काही सापडलं नाही, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१२ होती. तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत खडा दिसला नाही. पीएचची पट्टी ते अजूनही वापरतात, आठवड्यातून दोनदा, सकाळी आणि जेवणानंतर.